लेट मार्कचं पहिलं पत्र

भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर सुपरवायझरने लिहून आणलेला कागद माझ्यासमोर होता. मजकूर तीनच वाक्यांचा: ‘आपण नेहमीच उशिरा येता. आपली वृत्ती बेजबाबदार आहे. यापुढे असे घडल्यास आपणास कामावरून कमी करण्यात येईल.’ राग खरा होता, पण ताकीदपत्र म्हणून कागद कुचकामी होता.

‘नेहमीच’ या शब्दाला ‘परवा तर मी पावणेनऊलाच आलो होतो’ एवढं उत्तर पुरतं. म्हणून आधी जून महिन्याचा पंचिंगचा तक्ता काढला. पाळी नऊची, सवलत दहा मिनिटांची. स्टोअरकीपर सात दिवस सवा नऊनंतर आला होता. त्यातला एक दिवस पालखीचा निघाला. त्या दिवशी रस्ते बंद होते आणि त्याच्या विभागातले आणखी चार जण उशिरा पोचले होते. तो दिवस वगळला. इतरांना सोडून एकालाच पत्र द्यायचं, तर पत्रातलं बाकी सगळंही संशयास्पद ठरतं. त्याच कारणाने विभागातल्या सगळ्यांचे लेट मार्क एकदा नजरेखालून घातले. याच्याइतके कुणाचेच नव्हते. आता पत्रात सहा ओळी आल्या: ३ जून ९.१८, ९ जून ९.३५, १२ जून ९.२२, १८ जून ९.४१, २४ जून ९.२७, २७ जून ९.१९.

‘बेजबाबदार’ हा शब्द खोडला. उशीर घड्याळात दिसतो, वृत्ती दिसत नाही. त्याच्या जागी परिणाम लिहिला: स्टोअर उघडायला उशीर झाल्याने १८ तारखेला लाइनला माल मिळायला अर्धा तास लागला. तोही सुपरवायझरच्या डायरीत नोंद होती म्हणूनच लिहिला.

खरी अडचण तिसऱ्या वाक्यात होती. पहिल्याच लेखी ताकिदीत नोकरी जाण्याची धमकी घातली की कायद्यासमोर तिची बाजू लंगडी पडते. केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणं गैरवर्तनात मोडतं, हे खरं. पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यानुसार किरकोळ गैरवर्तनासाठी, आधीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटेल इतकी जबर शिक्षा करणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणून पुढची पायरी असेल तीच लिहावी.

पत्र देण्याआधी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सकाळी तिला सोडून यावं लागतं, असं तो म्हणाला. हे आम्ही पत्रात जसंच्या तसं घेतलं. पुष्कळ साहेबांना वाटतं, त्याची बाजू लिहिली की आपलीच केस कच्ची होते. मला उलटा अनुभव आहे. ऐकून घेतल्याचा पुरावा त्याच दोन ओळींत असतो. अंतिम मजकूर असा झाला:

‘१० जून रोजी आपल्याशी तोंडी बोलणे झाले होते. त्यानंतरही वरीलपैकी चार दिवशी उशीर झाला. आईच्या उपचारांमुळे उशीर होतो, असे आपण १ जुलै रोजी सांगितले. त्यासाठी मंगळवार व शुक्रवार आपली पाळी ९.३० ते ६ अशी केली आहे. इतर दिवशी नऊ वाजता हजर राहावे. पुढील तीन महिने हजेरी पाहिली जाईल. पुन्हा वारंवार उशीर झाल्यास कारणे दाखवा नोटीस देण्यात येईल. या पत्रातील काही मान्य नसल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.’

पत्र मराठीतच दिलं, कारण स्टोअरकीपर मराठी वाचतो. इंग्रजी पत्रावर सही घेतली की ‘मला कळलंच नव्हतं’ या उत्तराला जागा राहते. सहीची ओळही ‘मान्य आहे’ अशी नको. ‘पत्राची प्रत मिळाली’ एवढंच लिहावं. माणूस मग सहज सही करतो. नाहीच केली तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारून प्रत स्पीड पोस्टाने घरी पाठवायची.

याने सही केली. चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, वहीच्या कागदावर: २७ तारखेला गेटचं मशीन बंद होतं, मी वॉचमनच्या वहीत वेळ टाकली होती. वही मागवली. ९.०४, खाली त्याची सही. मशीन सुरू झाल्यावर त्याने पुन्हा बोट लावलं होतं आणि तक्त्यात तीच वेळ चढली होती. आमचीच चूक. पाच तारखांचं सुधारित पत्र नव्या तारखेने दिलं. जुन्यावर ‘रद्द’ लिहून, कारण टाकून, वहीच्या पानाच्या झेरॉक्ससह ते त्याच फायलीत ठेवलं.