स्लॅब कुठे थांबवायचा?

पाच वाजले, खडी संपली, माणसं थकली. मग काँक्रीट जिथवर पोहोचलं तिथेच काम थांबतं. घराच्या स्लॅबमध्ये जोड बहुतेक असाच पडतो. खरं तर त्याची जागा सळ्या बांधण्याआधीच ठरायला हवी.

एक उदाहरण घेऊ. स्लॅब २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड. कॉलम लांबीच्या दिशेने दर ४ मीटरवर, म्हणजे पाच गाळे. स्लॅबला ३६ घनमीटर काँक्रीट लागेल, बीमना अंदाजे १२. रोज २५ घनमीटर होत असेल तर दोन दिवस हवेत. मग जोड कुठे?

अनेकांना तो बीमवर किंवा कॉलमजवळ सुरक्षित वाटतो, कारण खाली भक्कम आधार दिसतो. प्रत्यक्षात आधाराजवळच स्लॅबचा एक भाग दुसऱ्याला घासत खाली सरकवू पाहणारा जोर सर्वात जास्त असतो. याला कातरबल म्हणतात. जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड नेमका अशा घसरण्यालाच कच्चा. गाळ्याच्या मध्यावर हे बल जवळपास शून्य होतं. तिथे वाकण्याचा ताण मोठा असतो हे खरं, पण खालचा ताण अखंड सळ्या घेतात आणि वर काँक्रीट दाबलं जातं. उभा, सरळ जोड दाब नीट पेलतो. म्हणून अमेरिकेची ACI 318 संहिता जोड गाळ्याच्या मधल्या तृतीयांशात घ्यायला सांगते.

आपल्या स्लॅबचा मधला गाळा ८ ते १२ मीटरचा. त्याचा मधला तृतीयांश साधारण ९.३३ ते १०.६७. पण समजा १० मीटरपासून पुढे बाथरूम आहे. ओल्या जागेत जोड घेतला तर गळतीला वाट मिळते. मग रेघ ९.५ मीटरवर आणावी. ती अजूनही सुरक्षित पट्ट्यात आहे आणि दोन्ही दिवसांचं काम पंचवीसच्या आसपासच राहतं. बाल्कनीच्या मुळाशी मात्र जोड कधीच घेऊ नये.

त्या रेघेवर सळ्यांसाठी खाचा पाडलेली फळी उभी करावी. फळी नसली की काँक्रीट उतरतं होत पातळ कडेने संपतं, आणि ती कड पुढे तुटते. दुसऱ्या दिवशी जोडाच्या तोंडावरची सिमेंटची मऊ साय तारेच्या ब्रशने खरवडून खडी उघडी करावी, धूळ धुवावी. पृष्ठभाग ओला हवा, पण पाणी साचलेलं नको. मग नवं काँक्रीट जोडाशी नीट व्हायब्रेट करावं.

आणि जोडाच्या दोन्ही बाजूंचे टेकू लवकर काढू नका. पहिल्या दिवसाचा भाग दुसऱ्याशी जुळून ताकद येईपर्यंत अधांतरी टोकासारखाच असतो. त्यामुळे सेंटरिंग उतरवण्याचे दिवस शेवटच्या काँक्रीटपासून मोजावे लागतात.