पंचेचाळीस हजारांमागचे पन्नास हजार

फ्रीलान्स डिझायनरच्या २०२४-२५च्या बँक स्टेटमेंटमध्ये एका कंपनीकडून ४५,००० रुपये जमा दिसतात. तेवढंच उत्पन्न धरणं चूक. बिल ५०,०००चं होतं. कंपनीने दहा टक्के टीडीएस कापला. म्हणून बँक खाते नावे ४५,०००, टीडीएस येणे नावे ५,००० आणि व्यावसायिक उत्पन्न जमा ५०,००० अशी नोंद करायची. कापलेला कर खर्च नव्हे. तो आपल्याच आयकरातून वजा होतो.

वर्षभराचं टीडीएस खातं फॉर्म २६एएसशी ताडून पाहावंच. तिथे रक्कम कमी दिसली, तर कंपनीने कर भरला नसेल किंवा पॅन चुकवला असेल. तिला लगेच विचारावं. किराणा, मुलांची फी मात्र खर्चात धरू नये. ती उचल खात्यात जाते.