वण सौम्य करताना

छायाचित्रावर हात फिरविण्याचा धंदा करणाऱ्याला, चार दिवसांत आपोआप जाणाऱ्या खुणा आणि जन्मभर सोबत राहणाऱ्या खुणा यांची वर्गवारी आधी मनात पक्की करून ठेवावी लागते. मुरूम, दाढी करताना लागलेला काप, चष्म्याच्या दांडीने नाकावर उमटलेला वळ, या गोष्टी फोटो काढण्याच्या दिवशी योगायोगाने चेहऱ्यावर हजर असतात आणि त्या न विचारता पुसल्या तरी कोणाची तक्रार येत नाही. परंतु देवीचे वण, टाक्यांची रेघ, भाजल्याचा डाग, गालावरची जन्मखूण किंवा ओठावरचा तीळ यांवर फोटोग्राफरचा कसलाही हक्क पोहोचत नाही, कारण आरशात रोज दिसणाऱ्या ज्या चेहऱ्याला माणूस ‘मी’ म्हणतो त्या चेहऱ्याचा तो भाग असतो. मग विचारावे, असे कोणीही म्हणेल. पण विचारणे हीच यातली पहिली अडचण आहे. ‘हा डाग काढू का?’ असा प्रश्न करणे म्हणजे, ज्याला त्या डागाचे काहीच वाटत नव्हते त्याच्या मनात तो नव्याने उमटविणे. म्हणून खुणेचा उल्लेख मी आपण होऊन करीत नाही. फोटो निवडून झाला की, चेहरा निष्कलंक असो वा नसो, सर्वांना सारखाच एक प्रश्न विचारतो: ‘यात कशाला हात लावू, आणि कशाला लावू नको?’ या प्रश्नाचे दुसरे अर्ध अधिक उपयोगी पडते. हनुवटीवरच्या तिळाला बोटही लावू नका, तो आमच्या आजीचाही होता, असे बजावणारी माणसे त्यामुळेच वेळेवर सापडतात.

मी हे काम शिकलो ते काचेच्या उतरत्या मेजावर, निगेटिव्हवर पेन्सिल चालवीत. दुधी काचेखालून आरशाने प्रकाश वर फेकलेला असे; निगेटिव्हच्या मसाल्याच्या बाजूवर, टर्पेंटाइनमध्ये राळ विरघळवून केलेले ‘मीडियम’ कापसाने हलकेच चोळले म्हणजे त्या गुळगुळीत पृष्ठाला जराशी खर येई, आणि मग सॅंडपेपरवर सुईसारखे लांब टोक काढलेल्या कठीण शिशाच्या पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढ्या रेघा भरीत जावयाचे. निगेटिव्हवर सर्व उलटे असते. चेहऱ्यावर जिथे सावली, तिथे निगेटिव्ह पारदर्शक. त्या पारदर्शक जागी शिसे भरले की छापील फोटोत ती सावली उजळते. देवीची साथ ज्यांनी भोगली होती अशांचे चेहरे त्या काळी स्टुडिओत नित्य येत, आणि त्या वणांत खड्ड्यांची सावली हाच मुख्य दोष असल्याने पेन्सिलीला ते काम बरोबर साधे. भोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा चकाकणारा वण मात्र निगेटिव्हवर दाट उतरतो, आणि दाट जागा पेन्सिलीने विरळ करता येत नाही. तिथे बारीक पात्याने मसाला खरवडावा लागे, आणि पाते एकदा खोल गेले की निगेटिव्ह कायमचे निकामी होई.

या जुन्या पद्धतीचा एक गुण मला फार उशिरा उमगला. मीडियमची ती खर ठरावीक शिसेच धरून ठेवते. त्यापुढे पेन्सिल नुसती घसरू लागते, पकड संपते. म्हणजे वण किती पुसावयाचा याचा निवाडा काही अंशी त्या साहित्यानेच करून ठेवलेला असे. तरीही शिसे भरण्याचा सोस असलेल्या कारागिरांनी तयार केलेले, मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसणारे वडीलधारे पुष्कळ घरांच्या भिंतींवर आजही टांगलेले आढळतील. संगणकावर ती पकडच नाही. तिथे ब्रश कितीही वेळा फिरवा, तो घसरत नाही, आणि थांबण्याचा जो हुकूम पूर्वी साहित्याकडून सुटे तो आता कारागिराने स्वतःवर बजावावयाचा असतो.

रंगाच्या खुणांची कथा थोडी निराळी आहे. लालसर जांभळी जन्मखूण ही त्वचेतील विस्फारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे दिसते; तिला बहुधा उंचीही नसते आणि सावलीही नसते, असतो तो केवळ रंग. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा लाल प्रकाशाला आंधळ्या असत (म्हणूनच त्या लाल दिव्यात धुता येत), आणि त्यामुळे अशी खूण फोटोत प्रत्यक्षाहून कितीतरी काळी उतरे. सर्व रंग जाणणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि भिंगापुढे लाल काच लावली की तीच खूण पेन्सिलीचा स्पर्श न होता निम्मी विरघळून जाऊ लागली. आजही हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. फोटोशॉपमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे उघडून पाहावेत: जी खूण हिरव्या-निळ्यात गडद, ती लालमध्ये जेमतेम दिसते, आणि चेहऱ्याची उजळणी त्या लाल चॅनेलवरून घेता येते. मात्र ओठही लालच असल्याने तेही त्याच न्यायाने फिके पडतात, म्हणून हा उपाय खुणेपुरता मास्कने बांधून ठेवावा लागतो. गोर्बाचेव्ह 1985 साली सोव्हिएत पक्षाचे प्रमुख झाले तेव्हा आरंभीच्या अधिकृत चित्रांतून त्यांच्या कपाळावरची सुप्रसिद्ध खूण पुसलेली असे, आणि दूरचित्रवाणीवर तोच माणूस खुणेसह साऱ्या जगाला दिसत असे. ज्याचा चेहरा लोक रोज पाहतात त्याची खूण समूळ काढण्यात किती अर्थ असतो, याचा एवढा ठळक दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

आता एका प्रत्यक्ष कामाची हकीकत सांगतो. शाळेत शिकविणाऱ्या एक बाई, बस अपघातात डाव्या भुवईपासून गालफडापर्यंत टाके पडलेले, अपघाताला वर्षही झालेले नव्हते. माझ्या नेहमीच्या प्रश्नावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘वण राहू दे, काका. पण बघणाऱ्याची नजर आधी तिथं जाऊ नये.’ इतक्या नेमक्या शब्दांत काम सांगणारे गिऱ्हाईक विरळा. वण राहू द्यावयाचा, केवळ त्याचा अग्रक्रम काढून घ्यावयाचा.

त्यांच्या वणात तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या. ताजेपणामुळे लाली होती; ती कालांतराने आपली आपणच ओसरते आणि वण फिकट होतो. रेघ किंचित उंच असल्याने तिच्या एका कडेला बारीक सावली होती. आणि वणाच्या त्वचेला रंध्रे व लव नसल्याने तिच्यावर एक चकाकी होती. या तिन्हींचा बंदोबस्त एका ब्रशाने करू पाहणे हीच या कामातली सर्वांत सामान्य चूक. पहिला उपाय तर संगणकाआधीचा आहे: मुख्य दिवा एका अंगाने तिरपा असला की उंचवट्याची सावली लांबते, म्हणून मी तो वणाच्याच बाजूला, जवळजवळ समोरून आणि मोठ्या सॉफ्टबॉक्समधून ठेवला, आणि पावडरचा एक हलका हात त्या जागी फिरवून घेण्यास त्यांना सांगितले. सावली आणि चकाकी यांचा मोठा हिस्सा तिथेच कमी झाला.

उरलेले काम तीन स्वतंत्र लेयरवर केले. लालीसाठी शेजारच्या गालाचा रंग उचलून, केवळ रंग बदलणाऱ्या आणि उजेड-अंधाराला हात न लावणाऱ्या लेयरवर तो मऊ ब्रशाने भरला. इथे एक धोका असतो. लाली सबंध काढली आणि तिच्याखालचा काळसरपणा तसाच राहिला, तर वणाच्या जागी राखी-हिरवट पट्टा उमटतो, आणि तो पट्टा मूळ वणाहून अधिक आजारी दिसतो. म्हणून त्या लेयरची ओपॅसिटी साठाच्या आसपास आणून ठेवली. सावलीसाठी कर्व्हने उजळलेला लेयर घेऊन त्या कडेवर अगदी बारीक ब्रशाने, दर खेपेस जेमतेम दिसेल इतकाच उजेड चढविला, आणि चकाकीसाठी तसाच काळसर लेयर उलट दिशेने वापरला. हीलिंग ब्रश मी रेघेवर लांबवर ओढला नाही, टाक्यांचे आडवे ठिपके जिथे ठसठशीत होते तिथेच तो टेकविला. भुवईजवळ तर तो वर्ज्यच केला, कारण तो कडेचा रंग आत मिसळून घेतो आणि भुवईचा काळा रंग कपाळावर सांडतो. वणामुळे भुवईत पडलेली फट तशीच ठेवली. ती भरावयाची तर केस नव्याने रंगवावे लागले असते, आणि त्यास सौम्य करणे म्हणता येणार नाही.

थांबावयाचे कुठे, हे पडद्यावर मोठा करून पाहिलेल्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. मोठ्या आकारात प्रत्येक रंध्र हाताला बोलावीत असते. मी चित्र छापावयाच्या आकाराएवढे लहान करतो आणि डावी-उजवी बाजू उलटवून पाहतो, म्हणजे सवयीने आंधळी झालेली नजर पुन्हा जागी होते. नजर आधी डोळ्यांवर गेली आणि मग वणावर, तर काम झाले, वण शोधूनही सापडला नाही तर ते मर्यादेबाहेर गेले, आणि त्या जागी त्वचेचा पोत हरवून गुळगुळीत ठिगळ दिसले तर ते बिघडले असे समजावे. बाईंना शेजारी बसवून तिन्ही लेयरचा एकत्र गट केला आणि त्याची ओपॅसिटी शून्यापासून हळूहळू वाढवीत नेली. सत्तराच्या अलीकडेच त्या म्हणाल्या, ‘बस, इथे मी आहे.’ मी नव्वदपर्यंत नेण्याच्या तयारीत होतो. बाईंनी थांबविले तो आकडा फाइलच्या नावातच लिहून ठेवला, कारण पुढे त्याच बैठकीतले आणखी फोटो छापून मागितले तर एका फोटोत वण ठळक आणि दुसऱ्यात नाहीसा, असा घोटाळा होतो.

त्याच बाईंना पुढे पासपोर्टसाठी फोटो हवा होता, आणि आधीचाच चालेल काय, असे त्यांनी विचारले. तो चालण्यासारखा नव्हता. ओळख पटविण्यासाठी दप्तरी दाखल व्हावयाच्या फोटोवर असा हात फिरविणे गैर, शिवाय अर्जात दृश्य ओळखखुणेचा रकाना असतो आणि अशी खूण त्यात नोंदवावयाची असते. तेव्हा सपाट उजेडात नवा फोटो काढला, त्यावर काहीही केले नाही.

स्थळांना पाठविण्याच्या फोटोंचा प्रसंग मात्र असा सरळ सुटत नाही. आई येते, मुलीच्या मानेवरची जन्मखूण ‘तेवढी काढून टाका’ म्हणते, आणि मुलगी बाजूच्या खुर्चीवर मोबाइलमध्ये पाहत बसलेली असते. पैसे आई देत असते, चेहरा मुलीचा असतो. अशा वेळी मी तो प्रश्न पुन्हा एकदा, मुलीकडे पाहून विचारतो, आणि तिचे उत्तर स्पष्ट येईपर्यंत संगणक सुरू करीत नाही. खूण सौम्य करावी असे ती स्वतः म्हणाली तरी समूळ पुसण्यास मी नकार देतो, कारण पाहण्याच्या कार्यक्रमाला ती खूण तिच्याबरोबर जाणारच असते. गेल्या मार्गशीर्षात आलेल्या एका मुलीने डोके वर न करता, ‘राहू दे की, आई,’ एवढेच म्हटले. आई थोडी कुरकुरली, मग बिलात काही सूट मिळेल काय याची चौकशी करू लागली, कारण तिच्या मते माझे काम आता कमी झाले होते.