फरशी नाकारण्याचे पत्र

नागपूरच्या एका घरमालकाकडे फरशीच्या 40 पेट्या आल्या. त्याने गवंड्याला थांबवले आणि पेट्या उघडून फरश्या उन्हात मांडल्या. पाहतो तो काय! काही फिक्या, काही गडद. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेत रंग थोडा बदलतो. म्हणून पेटीवर खेपेचा नंबर असतो. इथे नंबर दोन होते. त्याने दुकानदाराला लिहिले :

"रा. रा. दुकानदार यांस,
काल बिलाप्रमाणे 40 पेट्या मिळाल्या. पैकी 12 पेट्या दुसऱ्या खेपेच्या आहेत, नमुन्याशी जुळत नाहीत. बाकीच्यांत 17 फरश्या फुटक्या आहेत. एकही फरशी बसवलेली नाही. सर्व माल मी नाकारत आहे. एकाच खेपेच्या 40 पेट्या द्या, नाहीतर पैसे परत करा. माल सात दिवसांत उचलून न्यावा."

फक्त 12 पेट्या का नाही नाकारल्या? पहिल्या खेपेचा माल संपला असेल, तर घर अर्धेच राहील.

माल विक्रीच्या 1930 च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नाकारल्याचे कळवले की पुरे. माल दुकानात पोचवावा लागत नाही. पण फरशी बसवली, की माल पत्करला असे धरतात. म्हणून आधी पत्र टाका. स्पीड पोस्टाची पावती आणि पत्राची नक्कल जपून ठेवा.