'चांगल्या' कोलेस्टेरॉलची जनुकीय परीक्षा

रक्ततपासणीत एचडीएलचा आकडा वर दिसला की आपल्याला हायसं वाटतं. हे 'चांगलं' कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके कमी येतात, हे खरंच. पण ही माणसं बहुधा हिंडती-फिरती, सडपातळ असतात. मग राखण कोण करतं, एचडीएल की राहणी?

याचा निवाडा करायला निसर्गानेच सोडत काढून ठेवली आहे. आईच्या आणि वडिलांच्या जनुकाच्या दोन-दोन प्रतींपैकी कोणती मुलाकडे येईल, हे केवळ योगायोगाने ठरतं. मेंडेलच्या नियमावर उभ्या असलेल्या या पद्धतीचं नाव 'मेंडेलियन रँडमायझेशन'.

2012 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असा एक अभ्यास आला. एलआयपीजी जनुकातला एक बदल शंभरात दोन-तीन जणांत सापडतो. त्यांचं एचडीएल साडेपाच मिलिग्रॅमने जास्त असतं. बाकी घटक इतरांसारखेच. हिशेबाने त्यांचा धोका 13 टक्क्यांनी कमी हवा होता. प्रत्यक्षात तो इतरांइतकाच निघाला.

मात्र एखादं जनुक दुसऱ्याच वाटेने हृदयावर परिणाम करत असेल, तर निष्कर्ष फसतो. म्हणून संशोधकांनी एचडीएल वाढवणारे 14 जनुकीय बदल एकत्र तपासले. तरीही संरक्षण दिसलं नाही. एलडीएल वाढवणाऱ्या जनुकांनी मात्र धोका स्पष्टपणे वाढवला.

तेव्हा अहवाल हातात आला की एचडीएलच्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. आधी एलडीएलचा पाहा.