नुसती जाहिरात आली, तर?

भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर नोकरीची जाहिरात पाठवतो. सोबत एक शब्दही नाही. बायोडेटा दुरुस्त करायचा, मुलाखतीची तयारी घ्यायची, की जाहिरात सोपी करून सांगायची?

उत्तर बहुधा जाहिरातीतच असतं. अर्जाची मुदत शिल्लक असेल तर आधी बायोडेटा. मजकुरासोबत मुलाखतीची तारीख, वेळ आली असेल तर अर्ज पोहोचला आहे. आता बायोडेट्यावर वेळ घालवणं व्यर्थ. दोन्ही नसेल, तर मागण्यांचा गोषवारा आधी द्यावा. पुढचं काहीही ठरलं तरी तो वाया जात नाही.

समजा, ज्युनिअर अकाउंटंटची जागा आहे: बी.कॉम., टॅली, दोन वर्षांचा अनुभव, जीएसटी रिटर्न. एक्सेल ‘असल्यास उत्तम’. गोषवाऱ्यात एक्सेल वेगळं काढा, कारण ती अट नाही. उरलेल्यांत खरी चाळणी जीएसटीची. बायोडेट्यात ‘जीएसटीचं ज्ञान’ एवढंच लिहिलं तर ते कुणीही लिहितं. किती फर्मचे जीएसटीआर-१ आणि ३बी स्वतः भरले, हे लिहावं. मुलाखतीत तोच मुद्दा प्रश्न होऊन येतो: खरेदी नोंदवहीतलं बिल जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नसेल तर काय कराल? पुरवठादाराने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवलंय का, हे आधी तपासायचं आणि तोवर त्या बिलाचं क्रेडिट घ्यायचं नाही, हे सांगता आलं पाहिजे.

गोषवारा पाठवताना खाली एकच ओळ जोडा: ‘अर्ज केलास का?’