ईमेलमध्ये कर्ता कधी लिहावा, कधी गाळावा?

‘बिल तपासून पैसे पाठवण्यात येतील.’ कोण तपासणार, पैसे कधी येणार, हे पुरवठादाराला यातून कळत नाही. मग तो फोन करतो. त्याऐवजी लिहा : ‘लेखा विभाग बुधवारपर्यंत बिल तपासेल आणि मी शुक्रवारी पैसे पाठवेन.’

● कर्ता लिहा : काम सोपवताना, मुदत देताना, चूक मान्य करताना. ‘चुकीचा दर लावला गेला’ यात जबाबदारी कोणाचीच नसते. ‘आम्ही चुकीचा दर लावला’ यात असते.

● कर्ता गाळा : तो माहीत नसेल किंवा वाचणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसेल तेव्हा. ‘तुमची ऑर्डर आज रवाना करण्यात आली’ हे पुरेसे आहे. समोरच्याची चूक दाखवतानाही ‘तुम्ही जीएसटी क्रमांक लिहिला नाही’ यापेक्षा ‘बिलावर जीएसटी क्रमांक लिहिलेला नाही’ हे बरे. लक्ष बिलावर राहते.

पाठवण्यापूर्वी : ‘-ण्यात येईल’ आणि ‘केले जाईल’ शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा, ‘कोण करणार?’ वाचणाऱ्याला उत्तर हवे असेल, तर वाक्य बदला.